पहिला निरोप: कोण, कुठून, काय, काय हवं

ओळख नसलेल्या माणसाला फोनवर पहिला निरोप पाठवायचा म्हटलं, की आपण नुसतं ‘नमस्कार’ लिहितो आणि उत्तराची वाट बघत बसतो. समोरच्याकडे आपला नंबर नसतो. कोण बोलतंय, कशासाठी, हे त्याला कळत नाही. म्हणून आज आम्ही एक छोटी नाटिका आणली आहे. सकाळचे आठ वाजलेत. पार्वतीकाकू शेजारच्या रेखाकडे आल्या आहेत.

काकू : रेखा, अगं बघ की. गुरांच्या डॉक्टरांना तासापूर्वी व्हॉट्सअ‍ॅप केलं, अजून उत्तर नाही.

रेखा : बघू. काकू, तुम्ही लिहिलंय, ‘नमस्कार डॉक्टर, म्हैस बरी नाही, लवकर या.’ कुणाची म्हैस? कुठल्या गावात? त्यांच्याकडे आठ-दहा गावं असतील.

काकू : व्हय की! मला वाटलं, माझं नाव दिसत असेल त्यांना.

रेखा : तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नाही. नाव लिहायलाच हवं. बरं, म्हशीला झालंय काय?

काकू : काल सांजच्याला सात वाजता व्याली. अजून वार पडली नाही. सासूबाई म्हणतात, ओढून काढू.

रेखा : ओढू नका काकू, आत तुटली तर जखम होते, पू होतो. वार साधारण बारा तासांत पडते. तुमच्या म्हशीला तेरा तास झाले. हेच डॉक्टरांना कळायला हवं. ती खाते का?

काकू : पाणी प्यायली. वैरणीला तोंड लावत नाही.

रेखा : आता लिहू या.

काकू : मला टाइप करता येत नाही गं. हा माइक दाबते.

रेखा : थांबा, माइक दोन असतात. लिहायच्या चौकटीशेजारचा गोल माइक दाबून धरला तर तुमचा आवाज जातो. डॉक्टर गोठ्यात असले, गाडीवर असले, तर ऐकणार कधी? अक्षरं एका नजरेत वाचून होतात. चौकटीत बोट लावा, खाली अक्षरांची पाटी येईल. त्या पाटीवर छोटा माइक आहे, तो दाबा. पाटी मराठीवर असली, की तुम्ही बोलाल ते मराठीत उमटेल. सावकाश बोला.

काकू : (सावकाश) नमस्कार डॉक्टर. मी वडगावची पार्वती. घर मारुतीच्या देवळामागं. म्हैस काल संध्याकाळी सात वाजता व्याली...

रेखा : आता वाचा काय उमटलंय.

काकू : ‘म्हैस काल संध्याकाळी सात वाजता आली.’ अगं बाई! जणू पाहुणी आली!

रेखा : म्हणून पाठवायच्या आधी वाचायचं. ‘आली’च्या शेवटी बोट ठेवा, पाटीवरच्या खुडायच्या बटणानं शब्द पुसा आणि ‘व्याली’ पुन्हा बोला. नाही जमलं तर ‘वासरू झालं’ म्हणा. आता पुढचं सांगा.

काकू : तिसरं वेत आहे. तेरा तास झाले, वार पडली नाही. पाणी प्यायली, वैरण खात नाही. आज सकाळी येता येईल का? किती वाजता, ते कळवा.

रेखा : झालं. शेवटचा प्रश्न फार कामाचा. त्यांना नुसती वेळ लिहिली की झालं. आता बाणाचं बटण दाबा. खूण बघा.

काकू : एकच टिक आली.

रेखा : म्हणजे निरोप तुमच्या फोनमधून गेला, पण त्यांच्या फोनवर पोचला नाही. त्यांचा फोन बंद असेल, नाहीतर नेट नसेल. दोन टिक आल्या, की पोचला. निळ्या झाल्या, की वाचला. पण कुणी निळी खूण बंदही करून ठेवतं, म्हणून निळी नाही झाली तर राग धरू नका.

काकू : आणि एकच टिक राहिली तर?

रेखा : जनावराचं काम आहे, वाट बघायची नाही. सरळ फोन लावा. आता पाठवलेलं तोंडी सांगायचं, कोण, कुठून, काय, काय हवं.

काकू : दोन झाल्या बघ! अगं, उत्तर आलं. ‘साडेदहाला येतो. ओढू नका.’

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं असा एक निरोप बोलून लिहावा आणि शेजारणीला वाचायला द्यावा. तिला विचारा, ‘यावरून तुला माझं घर सापडेल का? मला काय हवंय ते कळलं का?’ तिनं एकही प्रश्न उलट विचारला नाही, तर निरोप पाठवायला हरकत नाही. तिनं विचारला, तर त्याचं उत्तर निरोपात घाला.