मूत्रपिंडाच्या रोग्याचा आहार : कागदावरून ताटापर्यंत
(तिवसा येथे मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या माणसाला आहारतज्ज्ञ एक कागद लिहून देतात. तो कागद घरी आणल्यावर त्याचे रोजच्या ताटात रूपांतर कसे करावयाचे, एवढाच माझा आजचा विषय आहे. रोग कशाने होतो आणि औषधे कोणती घ्यावीत, हे डॉक्टरांनी सांगावयाचे. ताट मात्र आपल्याला वाढावे लागते.

आपल्या एका सभासद भगिनीच्या सासूबाईंचे उदाहरण त्यांच्या संमतीने घेते. आजींचे वय बासष्ट, वजन ५० किलो. मधुमेह नाही, डायलिसिस नाही, पायांवर सूज आहे आणि रक्तातील पोटॅशियम ५.७ आले आहे. अमरावतीहून आणलेल्या कागदावर पाच ओळी होत्या : प्रथिने ३० ग्रॅम, उष्मांक १६००, वरून घालावयाचे मीठ ४ ग्रॅम, पातळ पदार्थ एकूण १२०० मिलिलिटर, पोटॅशियम कमी. खाली 'डाळी, दाणे, बटाटा, पालक, संत्री टाळा' असे लिहिले होते.

घरात पहिल्या आठवड्यात काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. सगळ्यांनी शेवटची ओळ तेवढी वाचली. वरण बंद, दाण्याचे कूट बंद, बटाटा बंद, फळ बंद. आणि बंद केलेल्याच्या जागी काही आले नाही. आजी अर्धी भाकर आणि दुधी यांवर राहू लागल्या. एके दिवशी त्या सुनेला म्हणाल्या, "उपाशी मारतं काय वं मले?" आजींचे बोलणे वैद्यकाच्या दृष्टीनेही खरे होते. उष्मांक कमी पडले की शरीर आपलेच मांस जाळू लागते, आणि त्या मांसातील प्रथिनांचा कचरा पुन्हा त्याच दुबळ्या मूत्रपिंडावर येऊन पडतो. प्रथिने कमी खाऊनही रक्तातील युरिया वाढला आणि सूज नसताना लुगडे सैल होऊ लागले, तर माणूस उपाशी राहतो आहे असे समजावे. म्हणून 'कमी करा' ही ओळ वाचताना 'इतके द्या' ही ओळ आधी वाचावी.

आता कागद फोडावयाचा कसा? आहारतज्ज्ञ अन्नघटकांच्या भाषेत लिहितात आणि चूल घड्याळाच्या व वाटीच्या भाषेत चालते. दोहोंच्या मधला पूल म्हणजे प्रथिने. पाच ओळींपैकी प्रथिनांची मर्यादा सर्वांत अडचणीची. म्हणून तिची वाटणी वेळांवर आधी करावी आणि बाकीचे तिच्याभोवती बसवावे. कोणत्या पदार्थात किती प्रथिने, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकात मिळते; त्यांचे नवे कोष्टक २०१७ साली निघाले. घरासाठी मात्र एक ठोकळ नाणे पुरे आहे. ४० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर म्हणजे सुमारे ४ ग्रॅम प्रथिने. तेवढीच प्रथिने २० ग्रॅम कोरड्या डाळीत असतात, सव्वाशे मिलिलिटर दुधात किंवा दह्यात असतात, आणि अंडे चालणाऱ्या घरात एका अंड्याच्या पांढऱ्या भागात त्याहून किंचित कमी. तांदूळ ४० ग्रॅम घेतले तर ३ ग्रॅम. साबुदाणा, साखर, तूप, तेल यांत प्रथिने जवळजवळ नाहीतच. साबुदाण्याला आपण उपासाचे म्हणून बाजूला ठेवतो, पण अशा रोग्याला तो फार उपयोगी. पोट भरते, उष्मांक मिळतात आणि प्रथिनांच्या थैलीतून पैसा जात नाही. फक्त त्यात दाण्याचे कूट घालावयाचे नाही. आपल्या हाताला ती सवय सुटत नाही, हे मला ठाऊक आहे!

दुसरी गोष्ट, आपली वाटी मोजून घ्यावी. घरोघरची वाटी निराळी. दुकानातून ४० ग्रॅम पीठ व ४० ग्रॅम तांदूळ एकदा तोलून आणावे, आपल्या वाटीत ओतून पाहावे, आणि ती खूण कायम करावी. त्यानंतर तराजू लागत नाही.

आजींसाठी बसवलेला तक्ता असा :

| वेळ | पदार्थ व माप | प्रथिने (ग्रॅम) | पातळ (मि.लि.) |
|---|---|---|---|
| सकाळी ६.३० | चहा : दूध ५० मि.लि., साखर २ चमचे | १.५ | १२० |
| सकाळी ९ | पोहे ५० ग्रॅम, तेल २ चमचे, थोडा कांदा, दाणे नाहीत, पाणी | ४ | १०० |
| दुपारी १२.३० | पोळ्या २ (कणीक ५० ग्रॅम), भात (तांदूळ ४० ग्रॅम), वरण (डाळ २० ग्रॅम), भाजी १ वाटी, तेल-तूप ४ चमचे. पाणी | १४ | ३०० |
| दुपारी ४ | सकाळसारखा चहा. पाण्यातली साबुदाण्याची खीर (साबुदाणा ३० ग्रॅम, साखर ३ चमचे, तूप १ चमचा) | १.५ | २७० |
| रात्री ७.३० | भाकर १ (पीठ ४० ग्रॅम), भात (तांदूळ ४० ग्रॅम), भाजी १ वाटी, तेल-तूप ४ चमचे; पाणी | ८.५ | २०० |
| झोपताना | औषधापुरते पाणी | ० | ६० |
| एकूण | उष्मांक साधारण १६५० | २९.५ | १०५० |

पातळाच्या रकान्यात १५० मिलिलिटर मुद्दाम शिल्लक ठेवले आहेत. उन्हाळ्यात तिवशाची दुपार कशी असते ते आपण जाणताच. मध्येच घोटभर लागते. सकाळी १०५० चा हिशेब सोडून उरलेले दीडशे एका लहान तांब्यात काढून ठेवले म्हणजे 'किती झाले' हे विचारावे लागत नाही. मात्र पाण्याची ही मर्यादा आजींच्या सुजेमुळे आहे. ज्याला सूज नाही आणि लघवी भरपूर होते, त्याला डॉक्टर बहुधा अशी मर्यादा घालत नाहीत. आणि मुतखड्याच्या रोग्याला तर उलट अधिक पाणी सांगतात. शेजारणीने सांगितले म्हणून पाणी वाढवू नये, आणि तोडूही नये.

मिठासाठी वेगळा रकाना केला नाही, कारण मीठ रकान्यात राहत नाही, हातात राहते. रोज सकाळी सपाट पाऊण चमचा मीठ, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, एका डबीत काढावे. पोह्यांना थोडे, दोन जेवणांना बाकीचे, आणि डबी रिकामी झाली की मीठ संपले. पोळी-भाकरीच्या पिठात मीठ घालू नये. भाजी घरच्यांसाठी एकच करावी, पण मीठ घालण्याआधी आजींची वाटी काढून घ्यावी. पापड, लोणचे, कुरडई आणि ठेचा यांतील मीठ या डबीत मोजले जात नाही. पापडातला पापडखार तर सोडियमच होय. डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतो, तेही सोडियमच. दर्यापूर-भातकुलीकडील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात माहेर असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे : तेथील विहिरीच्या खाऱ्या पाण्यात शिजवलेल्या अन्नात मीठ आधीच असते आणि ते उकळून जात नाही.

या बाबतीत एक खरा धोका आहे. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून जे मीठ मिळते, त्यात सोडियमच्या जागी पुष्कळदा पोटॅशियम घातलेले असते. आजींसारख्या रोग्याला ते साध्या मिठाहून घातक. सैंधवाने लाभ होतो हाही समज खोटा, तेही मीठच.

आता पोटॅशियम. ते पाण्यात विरघळते, म्हणून भाजीतून ते काढता येते. भाजी सोलून बारीक चिरावी, भरपूर कोमट पाण्यात दोनेक तास भिजवावी, ते पाणी फेकावे, नव्या भरपूर पाण्यात उकळावी, तेही फेकावे, आणि मग फोडणी द्यावी. थोड्या पाण्यात झाकण ठेवून वाफवली तर पोटॅशियम जागच्या जागी राहते. हे सारे केले तरी पालक आणि बटाटा आजींसाठी रोजचे नव्हेत. दुधी, दोडका, कोबी, पडवळ बरे. फळाला भिजवण्याची युक्ती लागू पडत नाही. आपल्या भागात दाराशी संत्र्याचे ढीग लागतात, आणि रस काढला की चार संत्र्यांचे पोटॅशियम एका पेल्यात येते. शहाळ्याचे पाणी तर आजाऱ्याला म्हणून हमखास आणतात; अशा रोग्याला ते वर्ज्यच. कमरखाचे फळ मूत्रपिंडाच्या रोग्याला विषासारखे आहे, ते कणभरही नको. आजींना तूर्त आठवड्यातून काही दिवस अर्धे सफरचंद ठेवले आहे. पोटॅशियम वाढल्याचे बाहेरून कळेलच असे नाही. हातपाय अतिशय गळाले किंवा नाडी अडखळू लागली तर त्याच घडीला दवाखाना गाठावा. एरवी रक्ताची तपासणी हीच खूण. ज्याचे पोटॅशियम तपासणीत ठीक आहे त्याने भाज्या धुऊन बेचव करण्याचे कारण नाही.

वेळेचा तक्ता करण्याचे आणखी एक कारण औषधे होत. आजींना फॉस्फरस बांधून ठेवणारी कॅल्शियमची गोळी आहे. ती अन्नातल्या फॉस्फरसला पोटातच धरते, म्हणून पहिल्या घासांबरोबर घ्यावी लागते. रिकाम्या पोटी घेतली तर तिचा तो उपयोग होत नाही. ती दुपारच्या आणि रात्रीच्या ओळीत लाल शाईने लिहिली आहे. लोहाची गोळी तिच्यासोबत घेतली तर लोह नीट शोषले जात नाही; ती डॉक्टरांना विचारून झोपतानाच्या ओळीत नेली.

अदलाबदल करावयाची असेल तर ती त्याच ओळीत आणि त्याच नाण्यात करावी. कढी केली त्या दिवशी वरण नाही. मार्गशीर्षात रोडग्यांचे जेवण असेल तर दोन पोळ्यांच्या कणकेचा एक लहान रोडगा, आणि वांग्याची भाजी उकळून घेतलेली. हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले आले म्हणजे त्यांना डाळीच्या खात्यात धरावे, भाजीच्या नव्हे. ही चूक फार घरांत होते.

तक्ता लावल्यावर दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी चहाच्या आधी, वजन करून त्याच कागदाखाली लिहावे. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढले तर ते पाणी साठले आहे, अंगी लागलेले नाही. सूज तेवढीच असून वजन हळूहळू उतरत असेल तर उष्मांक कमी पडताहेत. तेव्हा साबुदाणा-तूप वाढवावे आणि आहारतज्ज्ञांना कळवावे. आजींचे दुसऱ्या महिन्यातील पोटॅशियम ४.९ आले आणि वजन टिकले.

हा तक्ता कोणी उतरवून घेणार असेल तर त्यातील रकाने घ्यावेत, आकडे घेऊ नयेत. मधुमेह असेल तर साखर आणि साबुदाणा यांची जागा आहारतज्ज्ञच ठरवतील. काही डॉक्टर अशाच रोग्याला ५० किलो वजनास ४० ग्रॅम प्रथिने देतात, आणि तेही शास्त्राला धरूनच असते. आणि डायलिसिस सुरू झाले की हिशेब पार उलटतो. त्या प्रक्रियेत शरीरातील काही प्रथिने निघून जातात, म्हणून त्याच ५० किलोंच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिने द्यावी लागतात. बंद केलेली वाटीभर डाळ, अंडे, दही परत ताटात येते. त्या दिवशी जुना कागद भिंतीवरून काढून टाकावा आणि नवा मागून घ्यावा.