ओढलेल्या फळीवरचा दंडगोल

गुळगुळीत जमिनीवर एक लांब फळी ठेवली आहे. फळीवर एक भरीव दंडगोल आडवा टेकवला आहे, त्याचा अक्ष फळीच्या लांबीला काटकोनात. आता फळी पुढे ओढली. दंडगोल कोणीकडे जाईल, आणि फळीचे घर्षण त्याच्यावर कोणत्या दिशेने काम करील?

फळीवर बसलेल्या निरीक्षकाला दंडगोल मागे गडगडताना दिसतो. त्यावरून घर्षणही त्याला मागे ढकलत असावे, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. घर्षणाची दिशा दंडगोल कुठे जाताना दिसतो यावरून ठरत नाही. घर्षण नसते, तर टेकलेला बिंदू फळीवर कोणत्या बाजूला घसरला असता, यावरून ती ठरते. घर्षण नसते तर फळी पुढे निघून गेली असती आणि दंडगोल जागच्या जागी राहिला असता. म्हणजे टेकलेला बिंदू फळीच्या मानाने मागे घसरला असता. घर्षण या घसरण्याला विरोध करते, म्हणून दंडगोलावरचे घर्षण पुढच्या दिशेने असते. आडव्या दिशेत दंडगोलावर दुसरे कोणतेच बल नाही. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला दंडगोल पुढेच जाताना दिसतो, फक्त फळीपेक्षा सावकाश.

हेच बल दंडगोलाच्या तळाशी लागत असल्याने त्याला फिरवतेही. तळ पुढे, माथा मागे, असे हे फिरणे असते. फळीवरून दिसणारे मागे गडगडणे ते हेच.

आता त्वरण काढायचे. दंडगोल घसरत नाही असे धरले, तर टेकलेल्या बिंदूचे पुढचे त्वरण फळीच्या त्वरणाइतकेच असले पाहिजे. या बिंदूच्या त्वरणाला दोन वाटे असतात: केंद्राचे त्वरण आणि फिरण्यामुळे तळाला मिळणारे त्वरण. स्थिर जमिनीवर गडगडणाऱ्या चाकासाठी पाठ केलेला नियम, म्हणजे केंद्राचे त्वरण बरोबर त्रिज्या गुणिले कोनीय त्वरण, इथे लागू पडत नाही. खालची फळी स्वतः हलते आहे. विद्यार्थ्यांची बहुतेक उत्तरे इथेच चुकतात.

भरीव दंडगोलाचे जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले त्रिज्येच्या वर्गाच्या निम्मे असते. त्यामुळे एकाच घर्षणाने तळाला फिरण्यातून मिळणारे त्वरण केंद्राच्या त्वरणाच्या दुप्पट येते. केंद्राचा एक वाटा आणि फिरण्याचे दोन, असे तीन वाटे मिळून फळीचे त्वरण होते. म्हणून दंडगोलाच्या केंद्राचे त्वरण फळीच्या त्वरणाच्या एक तृतीयांश असते. पातळ पोकळ नळी असती, तर दोन्ही वाटे सारखे होऊन ते निम्मे आले असते. या गुणोत्तरात वस्तुमान आणि त्रिज्या कुठेच उरत नाहीत.

समजा फळी २ किलोग्रॅमची, दंडगोल ३ किलोग्रॅमचा आणि ओढणारे बल १२ न्यूटन आहे. घर्षण दंडगोलाला पुढे ढकलते, तसेच ते फळीला मागे खेचते. दंडगोलाचे त्वरण एक तृतीयांशच असल्याने फळीला त्याच्या ३ किलोग्रॅमपैकी जणू १ किलोग्रॅमच ओढावा लागतो. १२ न्यूटनला ३ किलोग्रॅमने भागले, की फळीचे त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. दंडगोलाचे त्वरण १.३३ आणि घर्षण ४ न्यूटन. पडताळाही लगेच घेता येतो: १२ उणे ४ म्हणजे ८ न्यूटन, आणि २ किलोग्रॅमच्या फळीला ४ चे त्वरण द्यायला तेवढेच बल लागते.

सगळे गणित न घसरण्यावर उभे आहे, त्यामुळे ती अटही तपासावी लागते. गुरुत्वत्वरण १० धरले, तर दंडगोलाचे वजन ३० न्यूटन होते. ४ न्यूटन घर्षण मिळायला घर्षणांक निदान ०.१३ हवा. तो ०.१ च असेल, तर घर्षण ३ न्यूटनवर अडते. मग दंडगोलाचे त्वरण १ आणि फळीचे ४.५ होते. तळाचे त्वरण मात्र १ अधिक २, म्हणजे ३ च भरते. ते फळीच्या त्वरणापेक्षा कमी आहे, म्हणजे दंडगोल घसरतो आहे. घसरतानाही घर्षण पुढेच असते.

फळीचा वेग एकसारखा झाला, की घर्षण शून्य होते आणि दंडगोल मिळालेल्या गतीने फळीवर मागे गडगडत राहतो. फळीचा वेग कमी होऊ लागला, की घर्षणाची दिशा उलटते. पण एक तृतीयांशाचे नाते तसेच राहते. म्हणून सुरुवातीला दोन्ही स्थिर असतील आणि मध्ये घसरण झाली नसेल, तर फळी थांबते त्याच क्षणी दंडगोलही थांबतो, पुढे सरकणेही संपते आणि फिरणेही.