'भारी'चं वजन कुठं गेलं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आयुष्यभर कॉलेजात भाषा शिकवलीस, तर पंधरा मिनिटं बोल, पण व्याकरण नको." म्हणून आज मी जे शब्द आपण वर्गात मागच्या बाकांवर बोलायचो आणि बाई आत आल्या की गिळायचो, त्यांच्याबद्दल बोलणार आहे. म्हणजे कौतुकाचे आणि शिव्यांचे शब्द. हे इतक्या लवकर जुने का होतात?

सकाळपासून मी कान देऊन ऐकतो आहे. आपल्यातले लोक अजून 'झकास', 'फर्मास', 'सॉलिड' म्हणतात. आपली मुलं 'कडक', 'नाद खुळा', 'विषय हार्ड' म्हणतात. गोष्ट एकच, चांगलं आहे एवढी. चांगल्याला शब्द कमी पडले होते म्हणून नवे आले असं नाही. जुने होते, पण त्यांच्यातला दम गेला होता.

'भारी' हा एकच शब्द घेऊन बघू. मूळ अर्थ वजनदार. वजनदार वस्तू महाग, म्हणून 'भारी साडी', 'भारी लुगडं'. महाग ते उत्तम, म्हणून नुसतंच 'भारी!'. इथवर शब्दाला खरंच वजन होतं. रोज कुणी भारी साडी नेसत नसे. मग आपण तो वडापावाला लावला, पेनाला लावला, चुकलेल्या तासाला लावला. रोज वापरलेला शब्द रोजचाच होतो. मग त्याला आधार द्यावा लागला: 'लय भारी'. तोही पुरेना तेव्हा 'लयच भारी'. २०१४ साली 'लय भारी' नावाचा सिनेमाच आला, आणि कोल्हापूर-सांगलीकडचा शब्द राज्यभर पोस्टरवर चढला. जो शब्द पोस्टरवर चढतो, तो कट्ट्यावरून उतरायला लागतो. कारण कट्ट्यावरच्या शब्दाचं एक काम 'हे चांगलं आहे' हे सांगणं असतं, पण दुसरं काम 'आपण एका टोळीतले' हे सांगणं असतं. काका, जाहिरातवाले आणि शिक्षक तोच शब्द बोलू लागले की दुसरं काम संपतं. मुलं मग नवा शब्द शोधतात.

शब्द झिजतोय हे ओळखायच्या खुणा यातच आहेत. तो एकटा उभा राहीनासा होतो, 'लय', 'एकदम', 'लयच' असे टेकू लागतात. तो चहाच्या कपालाही लागतो. आणि तो आपल्यासारख्या पन्नाशीतल्या माणसाच्या तोंडी आला की मुलं एकमेकांकडे बघतात.

यात कुणा एकाचा दोष नाही. प्रत्येकाला वाटतं, मी पाहिलेला सामना जरा जास्त चांगला होता, म्हणून तो एक पायरी वरचा शब्द घेतो. त्याचा फायदा त्या एका वाक्यापुरता होतो. पण सगळेच एकेक पायरी वर गेले की वरची पायरीच जमीन होते. गल्लीतल्या एकाने स्पीकर मोठा केला की सगळ्यांना करावा लागतो, आणि शेवटी कुणाचंच गाणं ऐकू येत नाही, तसं.

हे आजचं खूळ नाही. पेशवाईत कॅप्टन स्टुअर्ट नावाचा इंग्रज अधिकारी होता. १७७९ च्या जानेवारीत तो कार्ल्याजवळ मारला गेला. शत्रू असूनही त्याच्या धडाडीमुळे मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटलं. शत्रूला दिलेला शब्द म्हणजे तेव्हा त्याची किंमत केवढी असेल! आज फाकडा म्हटलं तर नातवंडं विचारतील, हे कुठलं आडनाव?

नवे शब्द येतात कुठून? बहुतेक वेळा भीतीच्या आणि वाईटाच्या कोठारातून, कारण तिथले शब्द अजून वापरून गुळगुळीत झालेले नसतात. भयंकर हुशार, खतरनाक बॅटिंग. 'बेकार' बघा. फारसीतून आलेला, कामाविना असा अर्थ. आपल्याकडे 'बेकारी' त्यातूनच. मग त्याचा अर्थ झाला वाईट: बेकार सिनेमा. मग जोर हवा म्हणून क दुप्पट झाला, 'बेक्कार', आणि आता 'बेक्कार हसलो', 'बेक्कार भूक लागलीय' इथे वाईटाचा मागमूसही नाही, उरलाय नुसता जोर. आमच्या घरी पुतणी माझ्या आईला म्हणाली, "आजी, आमटी बेक्कार झालीय!" आईने वाटी उचलून आत नेली. दोघींना समजवायला मला जेवण थांबवावं लागलं.

अपमानाचे शब्द दुसऱ्या वाटेनेही तयार होतात, चांगला शब्द उलटा करून. पेशवाईत साडेतीन शहाणे होते: सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणवीस. तिथे शहाणा ही पदवी होती. आज 'शहाणाच आहेस!' ही शिवी आहे, आणि ती पुरेना म्हणून 'दीडशहाणा' आणि 'अतिशहाणा'. संस्कृतातही हेच झालं. सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो. पुढे वैयाकरणांनी त्याच शब्दाचा अर्थ मूर्ख असा नोंदवला. सम्राटाची पदवीही यातून सुटली नाही, तिथे आपलं काय!

दोस्तांमधल्या शिव्या मात्र झिजून गोड होतात. "काय बेण्या, कुठं होतास?" असं सकाळी दारात मला तिघांनी विचारलं. उसाचं बेणं, वाईटाचं बी, असा त्या शब्दाचा काटा कधीतरी असेल. तीस-पस्तीस वर्षांत तो आपल्यात उरला नाही. हेच अनोळखी माणसाने म्हटलं असतं तर मात्र काटा पुन्हा उगवला असता.

पण एक शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो झिजला नाही. 'ढ'. या अक्षराचं वळण शेकडो वर्षांत फारसं बदललं नाही, म्हणून पुढे न सरकणाऱ्या मुलाला ढ म्हणतात, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. इतक्या पिढ्या वापरूनही त्याला 'लय ढ' असा टेकू लागला नाही. मला वाटतं, त्याचं कारण असं. भारी, बेक्कार, बेण्या हे शब्द आपण एकमेकांना देतो-घेतो. एकाने म्हटलं तर दुसरा वरचढ शब्द काढतो, आणि देण्याघेण्यात ते झिजतात. 'ढ' वरून खाली येत असे. टेबलाकडून बाकाकडे. उलट उत्तर नसलेला शब्द झिजत नाही. तो ज्याला लागला त्याच्यापाशीच राहतो. आपल्या वर्गातला एक जण आज आला नाही. आमंत्रणाच्या फोनवर मला म्हणाला, "ढ लोकांचं काय काम तिथं?" हसत म्हणाला, पण म्हणाला. त्याचा स्वतःचा वर्कशॉप आहे, तिथे बारा माणसं काम करतात.

याच्या उलट, आपले गणिताचे सर वर्षातून फार तर दोनदा वहीवर 'ठीक' लिहायचे. इतका साधा शब्द, पण तो वर्षातून दोनदाच खर्च व्हायचा, म्हणून त्याची किंमत कधी उतरली नाही. ते लिहिलेली वही आपल्यापैकी दोघांनी आज आणली आहे, बाहेरच्या टेबलावर आहे, जरूर बघा. आणि त्या वर्कशॉपवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे. जेवणानंतर दोघातिघांनी त्याला फोन करा. 'लय भारी' म्हणू नका, त्याचं काम बघायला कधी येऊ, एवढं विचारा.