लेकीच्या वाटेवरच्या ओव्या

आमच्या म्हसवडच्या गटातल्या एका ताईंची लेक चाकणच्या कारखान्यात नोकरीला निघाली. पहिलीच नोकरी. निघायच्या आदल्या शनिवारी बैठकीत ताई म्हणाल्या, "हिच्यासाठी देवाला काहीतरी म्हणू या." मग आम्ही ओव्या बांधायला बसलो.

पहिल्यांदा जमलं नाही. 'यश मिळो, कीर्ती होवो' असलं काहीतरी झालं. ते तर कुणाच्याही सत्काराला चालेल! मग आम्ही लेकीलाच विचारलं, "तुला भीती कशाची वाटते?" ती म्हणाली, "घाटाची, नव्या खोलीची आणि रातपाळीची." तिथं ओव्या सापडल्या.

जात्यावरची ओवी दोन ओळींची असते आणि शेवटाला यमक जुळतं. आता जातं कुणाकडं आहे? आम्ही दळल्यासारखा हात फिरवत म्हणून बघितलं. जिथं दम तुटला, तिथले शब्द काढले. जिथं ओळ तोकडी पडली, तिथं गाताना 'गं बाई' घातलं.

आपल्या आज्या वाटेवरच्या देवांची नावं घ्यायच्या. लेकीची एसटी फलटण, जेजुरी, सासवडवरून दिवेघाट उतरणार होती. माउलींची पालखी ज्या वाटेनं फलटणला येते, तीच वाट, फक्त उलटी. म्हणून पहिल्या दोन ओव्या अशा झाल्या:

पहिली ओवी घालू म्हसवडीच्या सिद्धनाथा
लेक चालली चाकरीला, ठेव हात तिच्या माथा

दुसरी जेजुरीला, मल्हारी तू रं ऐक
दिवेघाटाच्या वळणाला सांभाळ माझी लेक

पुढच्या दोन खोलीच्या आणि कामाच्या:

तिसरी ओवी माझी नव्या खोलीच्या उंबऱ्याला
चांगली सोबतीण दे, हाक मारी जी जेवायाला

चौथी रातपाळीची, बस थांबू दे दारापाशी
पाठी कुणी येऊ नये, नीज येऊ दे उशापाशी

पाचवी ताईंनी स्वतः बांधली. घर सुनं झालं, लवकर परत ये, अशी. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण लेक म्हणाली, "आई, ही ओवी म्हणलीस तर माझा पाय निघायचा नाही."

ताई बराच वेळ गप्प बसल्या. खरं सांगायचं तर आम्हालाही ती ओवी सोडवत नव्हती. पण मागणं कुणासाठी होतं? लेकीसाठी. आईचं दुःख खरं होतं, पण ते लेकीच्या पिशवीत कशाला भरायचं? शेवटी ताईंनीच ती बदलली:

पाचवी ओवी तिची, तिचा पगार तिच्या हाती
दार आमचं उघडं, येवो दिवसा, येवो राती

'पगार तिच्या हाती' यावर घरात थोडी कुरबुर झाली म्हणे. ताईंनी तो शब्द काढला नाही.

पाचही ओव्या ताईंच्या आवाजात मोबाइलवर भरून दिल्या. सोमवारी दुपारी लेकीचा फोन आला, "आई, घाट उतरला. आता तिसरी ओवी."