गडाची पायी वारी आणि आपले तळवे
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका आशाताईंनी केलेले भाषण)



चैत्र जवळ आला. आपल्या खानदेशातून सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्यांत आपल्या गटांतल्याही पुष्कळ जणी असतात. नवस असला की अनवाणी चालतात. रस्ता डांबरी आणि ऊन ऐन भरातलं. म्हणून आज मी फक्त तळव्यांबद्दल बोलणार आहे.

हवेत ४० अंश असतात तेव्हा उन्हातलं काळं डांबर ६० अंशांच्याही वर जातं. तळव्याचं कातडं जाड असतं, म्हणून चटके सोसत आपण चालत राहतो. पण उष्णता हळूहळू आत शिरते आणि फोड संध्याकाळी मुक्कामाला गेल्यावर दिसतात.

आमच्या गावच्या एका मावशींचं सांगते. वय पंचावन्न, शुगर दहा वर्षांपासूनची. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्या जणी पाय भाजले म्हणून सावलीला पळत होत्या, मावशी मात्र निवांत चालत होत्या. सगळ्यांना वाटलं, आईची कृपा. खरं कारण असं की बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या नसा बधिर होतात. चटका बसतो, पण कळत नाही. रात्री सुनेनं पाय पाहिले तर दोन्ही तळव्यांना मोठे फोड. कुणीतरी सुईदोऱ्यानं फोड फोडले, वर हळद आणि टूथपेस्ट लावली. मावशी पुढे चालल्याच. घरी आल्या तेव्हा जखमेला वास येत होता. मग दवाखाना, रोज ड्रेसिंग आणि दीड महिना पाय टेकायचा नाही. पाय वाचला, पण मजुरी बुडाली आणि गटाचे दोन हप्ते थकले.

त्या रात्री काय करायला हवं होतं? भाजल्याबरोबर, नाहीतर निदान तीन तासांच्या आत, पायावर साधं गार पाणी वीस मिनिटं ओतत राहायचं. बर्फ लावायचा नाही, त्यानं कातडी आणखी दुखावते. फोड फोडायचा नाही. फोडावरची कातडी हीच आतल्या जखमेची पट्टी असते, आणि सुईनं तिथे जंतू आत जातात. फोड आपोआप फुटला तर साबणपाण्यानं हलकेच धुवायचं, व्हॅसलिन लावलेली स्वच्छ जाळीची पट्टी ठेवायची आणि ती रोज बदलायची. हळद, टूथपेस्ट, शाई, मेंदी काही नको. त्यानं जखम झाकली जाते, किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते नर्सताईंना सांगा.

आणि मुख्य म्हणजे, पुढे चालायचं नाही. उरलेला रस्ता गाडीनं.

आता लगेच दवाखाना कधी? भाजलेली जागा पांढरी किंवा काळपट, कडक झाली आणि दुखत नसेल तर. न दुखणं हे इथे चांगलं लक्षण नाही, भाजणं खोल गेलंय असा त्याचा अर्थ. लाली पसरत असेल, पू, वास किंवा ताप असेल तरी थांबू नका. आणि शुगर असेल तर एवढासा फोडही त्याच दिवशी दाखवायचा.

साधे फोड दोन-तीन आठवड्यांत भरतात. नंतर तळवा कोरडा पडतो, टाचेला भेगा पडतात. जखम पूर्ण भरल्यावर रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, टिपून कोरडे करा, लगेच व्हॅसलिन लावून सुती मोजे घाला. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलिन नको, तिथे ओल राहून चिखल्या होतात. ब्लेडनं कातडी कापू नका. भेगेतून रक्त येत असेल तर दगडानं घासू नका. शुगरवाल्यांनी पाय पाण्यात बुडवून ठेवूच नयेत. धुवावेत, पुसावेत आणि व्हॅसलिन लावावं.

जायच्या आधी एवढं ठरवा. पहाटे चालायचं, दहाच्या आत सावली धरायची, ती ऊन उतरेपर्यंत सोडायची नाही. दिवस मावळला तरी डांबर बराच वेळ तापलेलं असतं, म्हणून आधी हाताचा पालथा पंजा टेकवून बघा. पाच सेकंद टेकवता आला नाही, तर पायही टाकायचा नाही. प्रत्येक मुक्कामाला दोघी-दोघींनी एकमेकींचे तळवे बॅटरीनं बघायचे.

शुगर असलेल्या तायांनी अनवाणी जाऊ नये. चपलेपेक्षा बंद, मऊ बूट घाला, आणि देवळात जाड सुती मोजे. नवस बोलला असेल तर देवीला सांगा, पाय तुझ्याच दारी आणायचे होते म्हणून जपून आणले.

जाणाऱ्या जणींनी आपली नावं माझ्याकडे द्या. निघायच्या आठ दिवस आधी सगळ्यांची शुगर तपासून घेऊ.