साखर आणायला पाठवलं, गूळ घेऊन आला

मी वाशिंदला महिला बचत गटांचं काम बघते. आज मात्र कर्जाचं, हप्त्याचं काही बोलणार नाही. ज्या मुलांचा शब्द तोंडाशी येऊन अडतो, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

आधी एक फरक सांगते, कारण आपण बोबडं आणि तोतरं एकच समजतो. लहान मूल ‘रोटी’ला ‘लोटी’ म्हणतं, ते बोबडं. त्याला तो उच्चार अजून जमत नाही. तोतऱ्या मुलाला उच्चार येतो, शब्दही पक्का माहीत असतो, पण तो वेळेवर बाहेर पडत नाही. मग कधी ‘पा-पा-पा-पाणी’ होतं, कधी ‘स्स्स्साखर’ असं लांबतं, आणि कधी तोंड उघडं राहतं पण आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार बघणाऱ्याला कळतही नाही. त्याला वाटतं, पोरगं नुसतं बघत उभं आहे.

बहुतेक मुलांचं हे अडखळणं दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, म्हणजे मूल शब्दाला शब्द जोडून मोठी वाक्यं बोलायला लागतं तेव्हा. त्यातल्या बऱ्याच जणांचं ते आपोआप जातं. मुलींपेक्षा मुलग्यांचं जास्त टिकतं, आणि घरात काका, आजोबा असं कुणी अडखळणारं असेल तर टिकण्याची शक्यता वाढते.

आपल्याकडे घाबरलेल्या माणसाला ‘त-त-प-प करायला लागला’ म्हणतात. त्यामुळे अडखळणारं मूल दिसलं की आपण लगेच म्हणतो, हे कशाला तरी भ्यायलं असणार. कुणी दृष्ट काढतं, कुणी जिभेला वेखंड उगाळून लावतं. पण दोष जिभेत नसतो आणि भीतीनं तोतरेपण जन्मत नाही. बोलताना श्वास, गळा, जीभ आणि ओठ यांची वेळ मेंदू जुळवत असतो. या मुलांमध्ये ती जुळणी मधेच चुकते. हे बऱ्याच अंशी जन्मतःच असतं. आईनं रागावलं म्हणून, किंवा विहिरीत डोकावून दचकला म्हणून होत नाही.

मग भीतीचा संबंध कुठे येतो? ती नंतर येते, आणि आली की मुक्काम करते. शब्द अडला, समोरचा हसला किंवा ‘बोल ना पटकन’ म्हणाला, की मूल पुढच्या वेळी तो शब्द यायच्या आधीच धास्तावतं. धास्तीनं गळा, जबडा आवळला जातो, श्वास रोखला जातो. जुळणी आधीच नाजूक, ती आणखी बिघडते. पुन्हा अडतं, पुन्हा लाज वाटते. हेच पोरगं शेळीशी, तान्ह्या बहिणीशी भरभर बोलतं, आरतीत सगळ्यांबरोबर खणखणीत गातं. ते बघून माणसं म्हणतात, ‘बघा, नाटक करतोय!’ नाटक नसतं ते. शेळी उत्तराची वाट बघत नाही, आणि सगळ्यांबरोबर एका ठेक्यात गाताना मेंदूला वेळ धरायला आधार मिळतो.

आता माझ्या माहितीतल्या एका घरचं सांगते. नाव-गाव विचारू नका. मुलगा दुसरीत. आई त्याला दुकानात साखर आणायला पाठवायची, तर तो गूळ घेऊन यायचा. एकदा झालं, दोनदा झालं. आई चिडायची, ध्यान कुठे असतं म्हणायची. एकदा ती मागोमाग गेली. पोरगं दुकानासमोर उभं, ओठ ताणलेले, ‘स्’ काही सुटेना. मागे दोघं-तिघं गिऱ्हाईकं खोळंबलेली. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि ‘गूळ’ म्हणाला. तो शब्द निघत होता.

मैत्रिणींनो, अडखळणं कानाला ऐकू येतं, पण हा शब्द बदलणं कुणाला ऐकू येत नाही. असं मूल दिवसभर मनात हिशोब करत असतं, कुठला शब्द निघेल आणि कुठला नाही. हळूहळू कमी बोलतं, येत असूनही वर्गात हात वर करत नाही. आणि स्वतःचं नाव तर बदलता येत नाही, म्हणून नाव सांगताना सगळ्यात जास्त अडतं.

त्या आईला वाणी-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, आधी घर बदला, मुलगा नंतर. घर बदला म्हणजे काय? ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘परत नीट सांग’ हे बंद. आपण मायेनं म्हणतो, पण मुलाला एवढंच ऐकू येतं की तू चुकतोस. त्यापेक्षा आईनं स्वतः सावकाश बोलायचं. मुलाचं बोलणं संपलं की मनात एक-दोन मोजायचं, मग उत्तर द्यायचं. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही, कितीही जिभेवर आला तरी. चेहऱ्याकडे नेहमीसारखं बघायचं; नजर चोरायची नाही, रोखूनही बघायचं नाही. आणि तो कसा बोलला त्यापेक्षा काय बोलला, त्याला उत्तर द्यायचं. एकामागून एक प्रश्न विचारायचे नाहीत. पाहुण्यांसमोर ‘म्हण रे कविता’ नाही. रोज पाच-दहा मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून, फक्त त्याच्याशी बोलायचं. त्या घरात ती वेळ भाकऱ्या झाल्यावरची ठरली.

शाळेत गुरुजींनी हजेरीची पद्धत बदलली. ‘हजर’ म्हणा किंवा हात वर करा, सगळ्या वर्गाला मुभा. एकट्यालाच सवलत दिली असती तर तो आणखी उघडा पडला असता. वाचन आधी शेजारच्या मुलासोबत एका सुरात, मग एकट्यानं. वाचनातून त्याला वगळलं मात्र नाही. टाळायला दिलं की भीती जाते असं वाटतं, पण ती वाढते. बाईंनी पुढे त्याला शब्दाची सुरुवात सैल ओठांनी, हलक्या आवाजात करायला शिकवलं. आज तो साखर मागतो. ‘स’ अजून लांबतो, कधी दोनदा येतो, पण मागतो. एवढंच झालं आहे, आणि बाईंनी याहून जास्त कबूलही केलं नव्हतं.

टोकलं तर काय होतं याचा एक वाईट दाखला अमेरिकेत आहे. 1939 साली आयोवा राज्यातल्या एका अनाथालयात वेंडेल जॉन्सन या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगत राहिले की तुम्ही अडखळता, जपून बोला. ती मुलं काही खरी तोतरी झाली नाहीत. पण बोलायला लाजू लागली, गप्प राहू लागली. टोकण्यानं तोतरेपण येत नाही, मुकेपण येतं.

आता दाखवायला कधी न्यायचं? सहा महिने-वर्ष झालं तरी अडखळणं कमी होत नसेल, किंवा घरात आणखी कुणी अडखळत असेल, तर नेलेलं बरं. बोलताना डोळे मिटणं, मान झटकणं, पाय आपटणं, शब्द बदलणं किंवा ‘मला नाही बोलायचं’ असं मूल म्हणत असेल, तर थांबूच नका. ‘मोठा झाला की जाईल’ हे तिथे चालत नाही. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांना आपणहून सांगा, कारण अनोळखी डॉक्टरांसमोर ही मुलं बोलतच नाहीत आणि तपासणीत सुटून जातात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची केंद्र सरकारची संस्था आहे. वाशिंदहून लोकलनं दादर, तिथून पश्चिम रेल्वेनं वांद्रे. जायच्या आधी घरी तो मोकळेपणी बोलतानाचा आणि अडखळतानाचा, असे दोन छोटे व्हिडिओ मोबाइलवर घेऊन ठेवा, त्याला न कळवता नाही, विचारून. तिथे गेल्यावर नेमकं त्याच दिवशी पोरगं पोपटासारखं बोलतं, असं पुष्कळदा होतं.