चर्चासत्राचे आभारप्रदर्शन : एक आराखडा

(प्राध्यापकांच्या कार्यशाळेत दिलेले व्याख्यान)



चर्चासत्राचे बीजभाषण कोणी करावे यावर आपल्याकडे तीन बैठका होतात. आभार कोणी मानायचे हे मात्र बहुधा दुपारच्या जेवणाच्या पंगतीत ठरते, आणि विभागात जो सर्वांत नवा असतो त्याच्या हातात नावांची यादी पडते. तेव्हा वेळ साडेचारची असते. समोरच्या निम्म्या मंडळींचे लक्ष कदंबाच्या बसकडे असते आणि उरलेल्यांचे प्रमाणपत्रांच्या टेबलाकडे. अशा वेळी चार मिनिटांत काय बोलावे, याचा एक आराखडा मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

उदाहरणासाठी फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'वरचे दोन दिवसांचे चर्चासत्र घेऊ. आपल्या गोव्यात हा विषय वरचेवर निघतो. उद्घाटक, बीजभाषक, दोन सत्राध्यक्ष, सहा निबंधवाचक, समारोपाचे वक्ते, अनुदान देणारी संस्था, प्राचार्य, ग्रंथालय, कार्यालय, विद्यार्थी आणि श्रोते अशी साधारण यादी होते. सावकाश, नावे स्पष्ट उच्चारत बोलले तर मिनिटाला शंभर शब्द होतात. म्हणजे आपल्या हाती चारशे शब्द आहेत. त्यांतले सव्वाशे मी सहा निबंधवाचकांना देते, म्हणजे प्रत्येकाला वीस. उरलेल्यांत बाकी सगळे बसवायचे. हा हिशेब आधी केला की "औपचारिकता म्हणून नव्हे, तर मनापासून" हे वाक्य आपोआप गळते, कारण त्याला जागाच उरत नाही.

वीस शब्दांत काय सांगायचे? नाव, आणि त्या व्यक्तीने दिलेली एक गोष्ट. "यांनी अत्यंत अभ्यासपूर्ण निबंध सादर केला" असे आपण म्हणतो, पण हे वाक्य सहाही जणांना चालते आणि म्हणून ते एकाचेही नसते. त्याऐवजी "यांनी ख्रिस्तपुराणातली ओवी एकनाथांच्या ओवीशेजारी ठेवून दोहोंची यमके दाखवली" असे म्हणावे. दुसऱ्यांच्या बाबतीत "मराठी रचनेत मिसळलेले कोंकणी शब्द वेगळे काढून दाखवले" आणि तिसऱ्यांच्या बाबतीत "1616 साली रायतूरला हा ग्रंथ रोमी लिपीत छापला गेला त्यामागची कारणे मांडली". विशेषण एकही नाही, क्रियापद मात्र नेमके आहे. लिहून झाल्यावर एक कसोटी लावावी. दोन निबंधवाचकांची नावे अदलाबदल करून वाक्ये वाचावीत. तरीही ती खरी वाटली, तर ती खोडून पुन्हा लिहावीत.

ही वाक्ये आदल्या रात्री लिहिता येत नाहीत. निबंधाचे शीर्षक आधी कळते, पण त्यातून काय हाती आले ते ऐकल्यावरच कळते. म्हणून आभार मानणाऱ्याने दोन्ही दिवस सभागृहात बसायला हवे. त्याला भोजनव्यवस्थेवर नेमू नये, हे मी संयोजकांना आग्रहाने सांगते. प्रत्येक व्यक्तीसाठी एक कार्ड करावे. त्यावर नाव, पद आणि गाव आधी लिहून ठेवावे व खाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात. निबंध संपला की लगेच त्या भराव्यात. कार्डांचा दुसरा फायदा आयत्या वेळी कळतो. सत्राध्यक्ष आले नाहीत आणि दुसऱ्या कोणी ती जागा सांभाळली, तर एक कार्ड काढून दुसरे घालता येते. छापील यादीवरून वाचणारा मात्र न आलेल्या पाहुण्यांचे "अध्यक्षीय मार्गदर्शनाबद्दल" आभार मानून मोकळा होतो. असे घडताना मी पाहिले आहे, आणि सभागृहातले ते हसू जिने खरोखर सत्र सांभाळले होते तिला नक्कीच लागले असणार.

नावाचा उच्चार आणि आडनाव ज्याचे त्यालाच चहाच्या वेळी विचारून घ्यावे. आपल्याकडे एकच आडनाव मराठीत आणि रोमीत वेगवेगळे लिहिले जाते, त्यामुळे निमंत्रणपत्रिकेवर विसंबू नये. अनुदानाच्या बाबतीत उलट नियम आहे. तिथे संस्थेचे व योजनेचे नाव मंजुरीपत्रावर आहे तसेच, अक्षरशः वाचावे. अहवालात तेच जायचे असते.

आता मी ज्या भागासाठी सगळ्यांत जास्त भांडते तो भाग : चर्चेत बोललेली माणसे. निबंधवाचकांची नावे पत्रिकेत असतात आणि पुढे ग्रंथातही येतात. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही. आपल्या उदाहरणात समजा, एका निबंधात शुद्धलेखनावरून स्टीफन्स यांच्या भाषेविषयी काही निष्कर्ष काढले आहेत आणि त्यासाठी आधार घेतला आहे शांताराम बंडेलू यांच्या 1956 च्या देवनागरी आवृत्तीचा. मागच्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक उठून विचारतात, "मूळ छपाई रोमीत आहे ना? मग हे ऱ्हस्वदीर्घ स्टीफन्सचे की संपादकाचे?" निबंधवाचक थांबतात आणि 1907 ची सालढाणा यांची रोमी आवृत्ती पाहून पुन्हा लिहितो असे सांगतात. छापील निबंध सुधारून येईल, पण तो का सुधारला हे कोणाला कळणार नाही. त्या शिक्षकांचे नाव आभारात आले तर अहवालात जाईल, आणि संपादकाच्या हाती तो अहवाल असेल. वाक्य एवढेच : "अमुक सरांच्या एका प्रश्नामुळे पाठातले लेखन कवीचे की संपादकाचे हे तपासण्याची गरज आमच्या ध्यानात आली." त्यासाठी प्रश्नोत्तरांच्या वेळी एका विद्यार्थ्याला वही देऊन बसवावे आणि बोलणाऱ्याचे नाव-गाव तिथेच लिहून घ्यावे. अशी दोन नावे पुरेत. सगळ्या प्रश्नकर्त्यांची यादी वाचू नये.

इथे एक पथ्य आहे. आभार मानताना निबंधावर निकाल द्यायचा नाही आणि वाद उकरायचा नाही. "प्रश्नाने निबंधातली चूक दाखवली" असे म्हटले की आभार एकाचे आणि अपमान दुसऱ्याचा होतो. चर्चासत्राचा सारांशही सांगू नये. ते काम समारोपाच्या वक्त्यांनी नुकतेच केलेले असते.

क्रमाबद्दल फार वाद होतात. पाहुणे आधी, घरचे नंतर, एवढे पाळले की बाकी सवलत आहे. घरच्यांमध्ये प्राचार्यांना एक वाक्य पुरते. ग्रंथपाल, कार्यालयातले कर्मचारी आणि शिपाई यांच्याबाबत मात्र "शिक्षकेतर कर्मचारी वर्ग" या शब्दांत सगळ्यांना गुंडाळू नये. जुन्या आवृत्त्या काचेच्या कपाटातून काढून दोन दिवस टेबलावर मांडणाऱ्या ग्रंथपालांना त्यांच्या कामासह नाव मिळावे. ध्वनिव्यवस्था, भोजन, नोंदणी या कामांना गटाने धन्यवाद द्यावेत, पण कामाचे नाव घेऊन. "ज्ञात-अज्ञात सर्वांचे" हा शब्दप्रयोग मी वापरत नाही. जे अज्ञात आहेत त्यांना शोधणे हेच तर आपले दोन दिवसांचे काम होते.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक नावापुढे "मी आभार मानते" म्हटले तर ते पंधरा वेळा येते. सहाही निबंधवाचकांची वाक्ये सलग वाचावीत आणि शेवटी एकदाच म्हणावे, "या सहाही अभ्यासकांची मी आभारी आहे." टाळ्याही मग एकदाच आणि मोठ्या पडतात.

शेवटी श्रोत्यांना एक वाक्य, प्रमाणपत्रे कुठे मिळतील त्याची सूचना, आणि राष्ट्रगीतासाठी उभे राहण्याची विनंती. कार्डे मात्र फेकू नयेत. ती त्याच संध्याकाळी अहवाल लिहिणाऱ्याच्या हातात द्यावीत.